डबा खरा, तारीख खोटी : "ग्राहकांनो, जागरूक राहा" हे आता पुरे झालं

माझं मेडिकलचं दुकान आहे. आठवड्यातून दोनतीनदा तरी व्हॉट्सॲपवर कुणाचा ना कुणाचा फोटो येतो. शुगरच्या स्ट्रिप्सचा डबा, नाहीतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. खाली एक ओळ : "दादा, हे ओरिजिनल आहे ना?"

या प्रश्नाचं खरं उत्तर कुणालाच आवडत नाही. फोटो बघून एखादी वस्तू खोटी आहे हे मी कधीकधी खात्रीने सांगू शकतो. ती खरी आहे, हे फोटोवरून मी कधीही सांगू शकत नाही. मीच काय, कोणीही सांगू शकत नाही. तरी दर महिन्याला "नकली वस्तू ओळखा, १० सोप्या टिप्स" असलं काहीतरी फिरत असतं. होलोग्राम बघा, स्पेलिंग बघा, रंग फिका आहे का बघा. आणि शेवटी नेहमीचं वाक्य, ग्राहकांनी जागरूक राहावे.

या सल्ल्याचा मला राग का येतो, ते एका डब्यावरून सांगतो.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी गेल्या वर्षी काकांसाठी पन्नास स्ट्रिप्सचा डबा ऑनलाइन मागवला. माझ्याकडच्यापेक्षा बराच स्वस्त मिळाला. त्यात चूक काही नाही. दिवसातून दोनदा बोट टोचायचं तर महिन्याला साठ स्ट्रिप्स लागतात, पेन्शनवर माणूस स्वस्त बघणारच. काका इन्सुलिन घेतात. आठ-दहा दिवस सकाळचे आकडे एकदम छान, १३०, १४०. काकू खूश. पण काकांना सारखी तहान, रात्री चारचारदा उठणं, अंगात त्राण नाही. मुलगा पुण्याहून आला, त्याला शंका आली. त्याने डब्याचे फोटो काढून मला पाठवले.

मी मोठ्या आत्मविश्वासाने तपासायला बसलो. छपाई स्वच्छ. रंग बरोबर. स्पेलिंग चोख. होलोग्राम जागेवर. आयात केलेला माल होता, म्हणून इथल्या आयातदाराच्या नाव-पत्त्याचं आणि आयात परवान्याच्या नंबराचं स्टिकर लागतं, तेही होतं. दहा टिप्सपैकी दहाच्या दहा पास! मी उत्तर लिहिणार होतो, "ठीक दिसतंय."

लिहिलं नाही, याचं कारण तारखेच्या कोपऱ्यात काहीतरी खटकलं. काय खटकलं ते सांगण्याआधी ती तारीख डब्यावर येते कशी हे सांगावं लागेल.

डब्याचं रंगीत खोकं एकदम लाखांनी छापून येतं. त्यावर लॉट नंबर आणि एक्सपायरीची जागा कोरी ठेवलेली असते. माल भरला जातो तेव्हा, चालत्या पट्ट्यावर, वेगळं मशीन ती दोन ओळींची माहिती मारतं. कुठे शाईच्या बारीक ठिपक्यांनी, कुठे लेसरने. म्हणून खऱ्या डब्यावरची तारीख बाकी छपाईसारखी सुबक नसते. एखाद्या डब्यावर ती एक मिलिमीटर वर, दुसऱ्यावर थोडी तिरकी. लोकांना नेमकं हेच संशयास्पद वाटतं! "दादा, तारीख वाकडी छापलीय, डुप्लिकेट असेल." उलट आहे. वेगवेगळ्या डब्यांवरची तारीख केसाचाही फरक न पडता एकाच जागी, खोक्याच्याच शाईत, त्याच चकचकीत थराखाली असेल, तर संशय घ्यायचा. याचा अर्थ ती खोक्याबरोबरच छापली गेली, म्हणजे ज्याने छापली त्याने एकच लॉट नंबर हजारो खोक्यांवर उठवला.

काकूंच्या डब्यावर यातलं काही नव्हतं. तारीख ठिपक्यांचीच होती. पण तिच्याभोवतीचा दोन बोटं रुंद पट्टा बाकी खोक्यापेक्षा किंचित निस्तेज दिसत होता. मुलाला म्हटलं, फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नकोस, "डॉक्युमेंट" म्हणून पाठव. साध्या पाठवण्यात फोटो दाबला जातो आणि ठिपके, कडा, पुसल्याच्या खुणा सगळं एकजीव होतं. आणि दिवा समोरून नको, बाजूने तिरपा धर. फ्लॅश बंद.

दुसरा फोटो आला आणि गोष्ट स्पष्ट झाली. खोक्यावर जो पारदर्शक चकचकीत लेप असतो, तो त्या पट्ट्यात उडाला होता. कुठल्यातरी थिनरने जुनी ओळ पुसून नवी मारली होती. तिरप्या उजेडात नव्या आकड्यांच्या मागे जुन्या ठिपक्यांची सावलीही दिसत होती, पण वाचता येत नव्हती.

पुसणाऱ्याने लॉट नंबरची ओळ सोडून दिली होती. आणि शेजारचा तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा छोटा चौकोनही सोडला होता. आयात होणाऱ्या बऱ्याच डब्यांवर असा चौकोन असतो. तो शोभेचा नसतो. त्यात वस्तूचा नंबर, एक्सपायरी आणि लॉट भरलेले असतात. असा चौकोन वाचणाऱ्या फोनवरच्या स्कॅनरने तो वाचता येतो, फोटो स्वच्छ असेल तर फोटोवरूनही. मुलाने स्कॅन करून पाठवलं. त्यातला कामाचा भाग असा (लॉट नंबर बदलून लिहितोय) :

```
(17)240930
(10)K7T214
```

१७ नंतर येते ती एक्सपायरी. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १० नंतर येतो तो लॉट. म्हणजे चौकोन सांगत होता ३० सप्टेंबर २०२४. आणि डब्यावर वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारी (हे चिन्ह म्हणजे "या तारखेपर्यंत वापरा") छापलं होतं ३० सप्टेंबर २०२६. महिना तोच, दिवस तोच. फक्त वर्ष दोनने पुढे.

आतल्या डबीच्या लेबलवरही तारीख असते. ती डबीवर पुसट झाली होती, "हाताळून" पुसट झाली असेल असं काकूंना वाटलं. लॉट नंबर मात्र टकाटक होता. हाताळून फक्त तारीखच पुसली जाते, नंबर नाही, असं कसं? शेवटी मुलाने कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून नुसता लॉट नंबर सांगितला आणि एक्सपायरी विचारली. उत्तर तेच, सप्टेंबर २०२४.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी काकांची बोटाची शुगर आणि लॅबची शुगर एकाच वेळी तपासली. मशीन म्हणालं १४२. लॅब म्हणाली २६८. घरच्या मशीनचा आकडा लॅबइतका तंतोतंत नसतोच. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वर असताना शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तो १५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे. २६८ ला ती सूट दिली तरी २२८ ते ३०८ च्या मध्ये यायला हवा. १४२ ही सूट नव्हे, ही थाप आहे. आणि या थापेवर विश्वास ठेवून एक माणूस आठ-दहा दिवस "आपली शुगर ताब्यात आहे" म्हणून इन्सुलिनचा तोच डोस घेत होता.

कुणी म्हणेल, तारीख उलटली तर एवढं काय होतं, बिस्किटंही खातो आपण. स्ट्रिप म्हणजे बिस्किट नाही. तिच्या टोकाला एन्झाइमचा थर असतो. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजतं. उष्णता आणि दमट हवा लागली की एन्झाइम मरत जातं. म्हणून तर डबीला घट्ट झाकण आणि ओलावा शोषणारा थर असतो. थर बिघडला की मशीन काही बोलत नाही. ते आकडा दाखवतच राहतं. तो कमी असेल की जास्त, तेही आधी सांगता येत नाही. खऱ्यापेक्षा जास्त दाखवला तर माणूस इन्सुलिन वाढवतो आणि रात्री झोपेत शुगर खाली जाते. कोणता प्रकार जास्त वाईट, ते तुम्हीच ठरवा.

आता मुद्द्यावर येतो. हा डबा नकली नव्हता. होलोग्राम खरा, खोकं खरं, परवाना नंबर खरा, स्ट्रिप्ससुद्धा त्याच कारखान्यातल्या. "पॅकिंग ओळखायला शिका" म्हणणाऱ्या प्रत्येक टिपेतून तो सुखरूप पार झाला, कारण पॅकिंगमध्ये ओळखण्यासारखं खोटं काही नव्हतंच. खोटी होती ती एक ओळ. आणि ती ओळ खरेदी करताना काकूंना दिसण्याची सोयच नव्हती. विक्रीच्या पानावर होतं ते कंपनीचं गुळगुळीत चित्र. कॉम्प्युटरवर बनवलेला डबा, तारखेची जागा कोरी. तसल्या चित्रात काकू काय जागरूकपणे बघणार होत्या?

इथे नियम नाही असं कृपया कोणी म्हणू नका. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत स्पष्ट आहे की विक्रेत्याने कायद्याने बंधनकारक असलेली माहिती आणि, लागू असेल तिथे, वस्तूची एक्सपायरी तारीख मंचावर दाखवण्यासाठी द्यायची. हे जुलै २०२० मध्ये निघालं. आता फोन उघडा, कोणत्याही दोन-चार ठिकाणी स्ट्रिप्स शोधा आणि मला सांगा, तुमच्या घरी येणाऱ्या डब्याची एक्सपायरी किती ठिकाणी सापडते. नुसतं "दीर्घ मुदत" लिहिलेलं मोजायचं नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. गोदामात दहा लॉट असतात, कोणता कोणाला जाईल आधी कसं सांगणार? अडचण खरी आहे, मी दुकानदार आहे, मला कळते. पण माझ्या दुकानात औषधाच्या बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी लिहावी लागते, आणि मी ती लिहितो. डबा पॅक होताना तो चौकोन स्कॅन करून लॉट आणि तारीख ऑनलाइन बिलावर आपोआप उमटवणं अवघड आहे का? तो चौकोन त्यासाठीच जन्माला आलाय. हे केलं असतं तर तारीख बदललेला डबा गोदामातच पकडला गेला असता, कारण मशीनने वाचलेलं २४ आणि डोळ्याला दिसणारं २६ तिथेच भिडलं असतं. एक स्कॅन वाचवायचा म्हणून तपासणीचं काम चष्मा शोधणाऱ्या सत्तरीतल्या माणसावर ढकलून दिलंय.

लॉट नंबरची ताकद किती असते याचं जुनं उदाहरण आहे. १३ ऑक्टोबर २००६ ला अमेरिकेच्या एफडीएने एका नामांकित ब्रँडच्या बनावट स्ट्रिप्सबद्दल देशभर इशारा दिला. तो माल पुढे भारतासह अनेक देशांत गेल्याचं तिथल्या न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे छापून आलं. त्या इशाऱ्यात "छपाई नीट बघा" असला उपदेश नव्हता. लॉट नंबर दिले होते आणि खोक्यावर कोणत्या भाषा आहेत ते दिलं होतं. एका प्रकारच्या डब्यावर इंग्रजीबरोबर ग्रीक आणि पोर्तुगीज मजकूर असेल तर तो संशयित. असा इशारा सामान्य माणसाला वापरता येतो. नंबर जुळव, टाकून दे.

आता ऑक्सिमीटर. तिथे तर लोकांना चुकीचीच गोष्ट बघायला शिकवलीय. सगळ्यांना पाठ असलेली टीप : "सीई ही अक्षरं लांब असतील तर युरोपचं, जवळ असतील तर चायना एक्सपोर्ट." हे "चायना एक्सपोर्ट" चिन्ह अस्तित्वात असल्याचं आपल्याला माहीत नाही, असं युरोपीय आयोगाने युरोपच्या संसदेत लेखी उत्तर दिलेलं आहे. अक्षरं जवळ असतील तर ते चुकीचं काढलेलं सीई आहे, एवढंच. आणि नकली माल बनवणाऱ्याला अक्षरं लांब करायला काय कष्ट पडतात?

बघायचं असेल तर सीईच्या शेजारी बघा. ऑक्सिमीटर किंवा घरी वापरायच्या शुगर स्ट्रिप्स अशा वस्तूंना युरोपात स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देऊन चालत नाही, बाहेरच्या संस्थेची तपासणी लागते, आणि त्या संस्थेचा चार आकडी नंबर सीईला लागून असतो. नुसतं सीई, नंबर नाही, तर ते चिन्ह त्या यंत्रासाठी अपुरं आहे. तसाच तो "एफडीए" चा निळा शिक्का. अमेरिकेची एफडीए आपला लोगो कोणत्याही खाजगी वस्तूवर वापरू देत नाही. तेव्हा यंत्रावर तो लोगो दिसला तर भरवसा वाढायला नको, कमी व्हायला हवा.

आणि हे दोन्ही परदेशी शिक्के खरे असले तरी इथे त्यांच्यावर माल विकता येत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने "औषध" आहेत. ऑक्सिमीटरच्या खोक्यावर बनवणाऱ्याचा नाव-पत्ता, लॉट नंबर आणि इथला परवाना नंबर हवा. बाहेरून आलेला असेल तर आयातदार आणि आयात परवाना. हा नंबर बहुधा MFG/MD किंवा IMP/MD ने सुरू होतो, स्ट्रिप्ससाठी MD च्या जागी IVD. विक्रीच्या पानावर पाच बाजूंचे फोटो टाकतात, त्यात मागची बाजू का नसते, याचा विचार करा. जिथे परवाना छापायचा तीच बाजू नेमकी कॅमेऱ्याला लाजते.

इथेही फोटोची मर्यादा तीच. परवाना नंबर दुसऱ्याच्या खोक्यावरून उतरवून छापता येतो. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश पाठवतो आणि दोन्ही किती शोषले गेले त्यावरून ऑक्सिजन काढतो. आतमध्ये तो दुसरा दिवा आहे की नाही हे कुठल्या फोटोत दिसणार? २०२१ मध्ये पेन्सिलीला ऑक्सिमीटर लावून ९८ आल्याचे व्हिडिओ फिरले. तीही अर्धवट परीक्षा आहे. हलत्या पेन्सिलीला चांगलं यंत्रही कधी फसतं, आणि पेन्सिलीला आकडा आला नाही म्हणजे बोटाचा आकडा बरोबर असं होत नाही. घरच्या घरी एवढंच करा, मनगटाची नाडी मिनिटभर मोजा आणि यंत्राच्या नाडीशी ताडून बघा. नाडीच चुकत असेल तर ऑक्सिजन बरोबर असण्याची आशा सोडा. नाडी जुळली तरी ऑक्सिजनचा आकडा बरोबरच आहे, असं मात्र समजू नका. एखादवेळी डॉक्टरांकडे जाताना यंत्र सोबत न्या आणि त्यांच्या यंत्राशेजारी लावून बघा.

म्हणजे काहीच करायचं नाही का? करायचं, पण आपलं काम किती आणि दुसऱ्याचं किती हे ओळखून. आपलं काम दहा मिनिटांचं आहे. डबा आला की फोडण्याआधी तारखेच्या जागेचा तिरप्या उजेडात फोटो, चौकोन स्कॅन, फोडल्यावर डबीचा लॉट खोक्याशी जुळतो का, इतकंच. काही जुळलं नाही तर डबा फेकू नका, परतही पाठवू नका. फोटो, बिल आणि डबा घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि १९१५ या ग्राहक क्रमांकावरही नोंदवा. परत पाठवलेला डबा पुढच्या काकूंकडे जाणार नाही याची खात्री कोण देतं?

काकूंनी नेमकं तेच केलं होतं. मुलगा तक्रार द्यायच्या आत "रिटर्न" दाबून टाकलं. पैसे तीन दिवसांत खात्यात आले. ग्राहक समाधानी, विक्रेत्याला पाच तारे. डबा कुठे गेला, कुणाला माहीत नाही. आमच्याकडे उरलेत ते फक्त फोटो, आणि फोटोवर तक्रार घेताना पहिला प्रश्न येतो : "माल कुठाय?"

बाकीचं काम आपलं नाही. विक्रीच्या पानावर त्याच मालाच्या मागच्या बाजूचा फोटो, बिलावर लॉट आणि एक्सपायरी, आणि परत आलेल्या स्ट्रिप्स पुन्हा विक्रीला न लावता नष्ट करणं, हे तीन ज्यांनी करायचं त्यांनी करावं. आणि ते करत नाहीत तोवर "जागरूक राहा" हे कोणी आम्हाला शिकवू नये. काका जागरूकच होते. रोज सकाळी सहाला उठून बोट टोचत होते, आकडा वहीत लिहीत होते. वही माझ्याकडे आहे. आकडे एका ओळीत, सुवाच्य अक्षरात. सगळे खोटे.

(शेअर करायला विचारायची गरज नाही. कॉपी-पेस्ट केलंत तरी चालेल, फक्त कोडमधला लॉट नंबर शोधत बसू नका, तो मी बदललाय.)